रात्री लिहिलेली सूचना योग्य वेळी कशी पोचवायची: टेलिग्राम आणि स्लॅकवर मेसेज शेड्यूल करणं

आमचा एक वाचन कट्टा आहे, टेलिग्रामवर. महिन्यातून एकदा रविवारी ऑनलाइन भेटतो, एका पुस्तकावर बोलतो. सुरुवातीला सगळे पुणे-नाशिकचेच होते, मग कोणाची मुलगी न्यू जर्सीहून यायला लागली, कोणाचे दीर दुबईहून, दोघं लंडनचे. सूचना टाकायचं काम माझ्याकडे, आणि मला निवांत वेळ मिळतो तो रात्री जेवणं-आवरणं झाल्यावर, म्हणजे साडेअकराच्या पुढे. मग तेव्हाच टाकायचे मी. एकदा अशीच पावणेबाराला सूचना गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यातल्या एका काकूंचा फोन आला, "अगं, एवढ्या रात्री फोन वाजला, मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं की काय, मग झोपच लागली नाही." त्यांचे यजमान तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते, त्यामुळे फोन बंद ठेवणं शक्यच नव्हतं त्यांना. त्या दिवसापासून मी एकही सूचना रात्री पाठवलेली नाही. लिहिते अजूनही रात्रीच, पण पोचते संध्याकाळी.

ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी सगळं नीट सांगते, आधी टेलिग्राम, मग शेवटी ऑफिसात स्लॅक वापरणाऱ्यांसाठी.

टेलिग्रामवर नेमकं काय करायचं

ग्रुप उघडा, नेहमीसारखा मेसेज टाइप करा, पण पाठवायच्या निळ्या बाणावर पटकन टॅप करू नका. बोट त्या बाणावर दाबून धरा. एक छोटा मेन्यू वर येतो, त्यात `Schedule Message` असतं. कॉम्प्युटरवर असाल तर त्याच बाणावर माऊसचं उजवं बटण दाबायचं, तिथेही तेच येतं. त्याच मेन्यूत `Send without sound` पण दिसेल, त्याच्याबद्दल पुढे सांगते. फोटो किंवा पोस्टर पाठवायचं असेल तर फोटो निवडून खाली मजकूर लिहिल्यावर जो पाठवायचा बाण येतो, तो दाबून धरायचा, बाकी सगळं सारखंच.

मग तारीख, तास, मिनिटं अशी फिरणारी चाकं येतात. ती फिरवून वेळ लावा आणि इथे एक क्षण थांबा. अँड्रॉइडवर खालच्या बटणावर अख्खं वाक्य लिहिलेलं येतं, आज अमुक वाजता पाठवू किंवा अमुक तारखेला अमुक वाजता पाठवू, असं इंग्रजीत. ते वाक्य वाचायचं, मनातल्या मनात नाही, ओठ हलवून वाचायचं. कारण चाक फिरवताना बोट घसरतं आणि 14 तारखेच्या ऐवजी 15 लागते, किंवा फोनचं घड्याळ 12 तासांचं असेल तर संध्याकाळचे 7 लावताना सकाळचे 7 राहून जातात. ज्यांना याचा गोंधळ होतो त्यांनी सरळ फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 24 तासांचं घड्याळ लावावं. मी लावलंय. 19:30 लावलं की ते संध्याकाळचंच असतं, सकाळ-संध्याकाळचा प्रश्नच उरत नाही.

बटण दाबलं की मेसेज ग्रुपमध्ये जात नाही, शेड्यूल केलेल्या मेसेजच्या वेगळ्या पानावर जाऊन बसतो. नवीन माणूस इथेच घाबरतो, कारण मागे ग्रुपमध्ये आलं तर तिथे काहीच दिसत नाही. पण टाइप करायच्या पट्टीत उजवीकडे बघा, एक छोटं कॅलेंडरसारखं चिन्ह आलेलं असेल. ते दाबलं की त्या ग्रुपसाठी तुम्ही रांगेत लावलेले सगळे मेसेज दिसतात. तिथे मेसेजवर दाबून धरलं की `Send Now`, `Reschedule`, एडिट, डिलीट सगळं मिळतं. ते चिन्ह दिसत नसेल तर मेसेज शेड्यूल झालेला नाही, किंवा झाला होता आणि आता गेलाय, एवढं लक्षात ठेवा.

हा मेसेज तुमच्या फोनमध्ये नाही, टेलिग्रामच्या सर्व्हरवर थांबलेला असतो. त्यामुळे वेळेला फोन बंद असला, रेंज नसली, तुम्ही घाटात असलात तरी तो जातोच. आणि लोकांना तो अगदी साध्या मेसेजसारखाच दिसतो, तुम्ही आधी लावून ठेवला होता असं कुठेही कळत नाही, वेळही पाठवल्याची दिसते, लिहिल्याची नाही. एका ग्रुपसाठी एका वेळी 100 मेसेज लावता येतात आणि जास्तीत जास्त एक वर्ष पुढचे.

पहिल्यांदा करत असाल तर थेट ग्रुपवर प्रयोग नका करू. टेलिग्राममध्ये `Saved Messages` म्हणून तुमचं स्वतःचंच चॅट असतं, तिथे काहीतरी लिहा, बाण दाबून धरा, तिथे तो पर्याय `Set a Reminder` या नावाने येतो, पाच मिनिटांनंतरची वेळ लावा आणि वाट बघा. एकदा आपल्या डोळ्यांनी तो येताना बघितला की मग भीती जाते.

कुठली वेळ लावायची

सगळे भारतातलेच असतील तर सोपं आहे, संध्याकाळी 7 ते 9 च्या मध्ये कधीही. आमच्या अनुभवात सकाळी 9 ला पाठवलेलं कोणी बघत नाही, सगळे ऑफिसच्या आणि डब्यांच्या गडबडीत असतात, वाचतात आणि विसरतात.

लोक परदेशात असले की मात्र कागद घेऊन बसावं लागतं. मी काय केलं ते सांगते. आमचे लोक चार ठिकाणी, महाराष्ट्र, दुबई, लंडन, न्यू जर्सी. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, वर्षभर तेवढंच. लंडन आणि न्यू जर्सीचं मात्र वर्षातून दोनदा बदलतं, उन्हाळ्यात तिथे घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत मागे आणतात. आपलं घड्याळ कधी हलत नाही, त्यामुळे आपल्याला हे डोक्यातच राहत नाही. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच, न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा.

आता आपले संध्याकाळचे 7:30 घ्या. हिवाळ्यात तेव्हा दुबईत 6, लंडनला दुपारचे 2 आणि न्यू जर्सीला सकाळचे 9. उन्हाळ्यात लंडन 3 आणि न्यू जर्सी 10. म्हणजे वर्षभरात कधीही, चारही ठिकाणी कोणी झोपलेलं नसतं. याच्या उलट आपले सकाळचे 9:30 घेतले तर लंडनला पहाटेचे 4 किंवा 5 आणि न्यू जर्सीला रात्रीचे 11 किंवा 12. म्हणून आमच्या कट्ट्याची वेळ 7:30 ठरली ती ठरली. तुमच्याकडे कॅलिफोर्नियाचे लोक असतील तर त्यांना 7:30 ला सकाळचे 6 किंवा 7 वाजलेले असतात, मग 8:30 करा, त्यांना 7 किंवा 8 होतात आणि इकडे कोणी झोपलेलं नसतं. सिडनीचे असतील तर मात्र सगळ्यांना जमेल अशी एक वेळ निघत नाही, कारण आपल्या साडेसातला तिकडे मध्यरात्र किंवा त्याच्याही पुढे असतं. अशा वेळी जिथे जास्त लोक तिथली वेळ धरायची आणि सिडनीवाल्यांना ग्रुप रात्री म्यूट ठेवायला स्पष्ट सांगायचं, दुसरा चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

एक पूर्ण उदाहरण

समजा आपला कार्यक्रम रविवार 15 नोव्हेंबर 2026, भारतात रात्री 8:30 ला आहे. मी त्याच्या आदल्या आठवड्यात एका रात्री बसते आणि तीन मेसेज लावते. पहिला बुधवार 11 तारखेला 7:30 वाजता, पूर्ण माहितीचा. दुसरा शनिवारी 14 ला 7:30 वाजता, फक्त आठवणीचा. तिसरा रविवारी 8 वाजता, त्यात फक्त लिंक. लिंक आधीच्या दोन मेसेजमध्ये देतच नाही, कारण लोक मग वर स्क्रोल करून शोधत बसतात आणि "लिंक पाठवा ना" असे पंधरा मेसेज येतात.

पहिला मेसेज असा असतो:

```
वाचन कट्टा, नोव्हेंबर
रविवार, 15 नोव्हेंबर
भारत रात्री 8:30
दुबई संध्याकाळी 7:00
लंडन दुपारी 3:00
न्यू जर्सी सकाळी 10:00
लिंक कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी इथेच येईल.
```

यात "उद्या", "परवा", "येत्या रविवारी" असं काहीच नाही, हे मुद्दाम आहे. शेड्यूल केलेल्या मेसेजमध्ये असले शब्द फार घात करतात. तुम्ही शुक्रवारी रात्री बसून शनिवारी जाणारा मेसेज लिहिता, तुमच्या डोक्यात कार्यक्रम परवा असतो, तुम्ही "परवा भेटू" लिहून मोकळे होता, आणि शनिवारी वाचणाऱ्याला तो सोमवार वाटतो. वार आणि तारीख लिहिली की कधीही वाचलं तरी बरोबरच.

दुसरी चूक आमच्याकडे खरंच झाली आणि ती माझीच होती. ऑक्टोबरचा कार्यक्रमही रात्री साडेआठलाच होता, म्हणून मी नोव्हेंबरसाठी ऑक्टोबरचाच मेसेज कॉपी केला, तारीख बदलली आणि शेड्यूल केला. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीसाठी सकाळचे 11 बरोबर होते, पण मध्ये तिकडे घड्याळ मागे गेलं होतं आणि नोव्हेंबरमध्ये ते 10 व्हायला हवे होते. तिघी जणी 11 वाजता आल्या तेव्हा आमची चर्चा संपत आली होती. त्यातल्या एकीने त्या महिन्याचं पुस्तक भारतातून मागवून घेतलं होतं, मला फार वाईट वाटलं. 2026 मध्ये लंडनचं घड्याळ 25 ऑक्टोबरला मागे जाणार आणि अमेरिकेचं 1 नोव्हेंबरला, म्हणजे मधला एक आठवडा असा आहे की लंडनचं बदललंय आणि न्यू जर्सीचं नाही. तेव्हा मार्च, एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबर या महिन्यांत जुना मेसेज कॉपी केलात तर प्रत्येक शहराची वेळ फोनच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये जाऊन पुन्हा बघा.

मेसेज कधी *जाईल* ते टेलिग्राम बरोबर सांभाळतं, पण मेसेजच्या *आत* लिहिलेली वेळ ते बदलत नाही, ते नुसते अक्षर-आकडे आहेत त्याच्यासाठी.

गोंधळ कुठे होतो

सगळ्यात मोठा गोंधळ कार्यक्रम रद्द झाल्यावर होतो. एकदा आमच्या वक्त्यांना ताप आला, शनिवारी दुपारी मी ग्रुपवर लिहिलं की उद्याचं रद्द, सगळ्यांनी काळजी घ्या वगैरे लिहिलं. आणि संध्याकाळी साडेसातला माझ्याच नावाने मेसेज गेला, उद्या नक्की या म्हणून, कारण तो मी आठवडाभर आधी लावला होता आणि विसरले होते. लोकांना वाटलं परत ठरलं. मला रात्रभर एकेकाला उत्तरं द्यावी लागली. त्यामुळे आता नियम असा की रद्द झालं किंवा वेळ बदलली की ग्रुपवर काही लिहायच्या *आधी* कॅलेंडरचं चिन्ह दाबायचं, रांगेतले मेसेज काढायचे किंवा बदलायचे, मग लिहायचं. जवळ फोन नसला तर कुठल्याही कॉम्प्युटरवर तुमच्या अकाउंटने टेलिग्राम उघडलं तरी तीच रांग दिसते, तिथून काढता येतं.

दुसरं म्हणजे ग्रुपमध्ये तुम्ही लावलेले मेसेज फक्त तुम्हालाच दिसतात, बाकीच्या अॅडमिनना दिसत नाहीत. आमच्याकडे दोघी अॅडमिन आहोत. मी बुधवारचा मेसेज लावून बसलेली आणि तिने बुधवारी सकाळी बघितलं की सूचना अजून गेली नाही, म्हणून तिने तिच्या शब्दात टाकली, मग संध्याकाळी माझी गेली, दोन्हीत वेळ थोडी वेगळी लिहिलेली. आता आमचं दोघींचं वेगळं चॅट आहे तिथे "नोव्हेंबरचे तीन लावले, 11, 14, 15" एवढी एक ओळ टाकते. आणि मी आजारी पडले तर ते तीन मेसेज तिला काढता येणार नाहीत, हेही तिला माहीत असावं.

तिसरं, प्रवासात असताना शेड्यूल करणं. ती वेळेची चाकं तुमच्या फोनच्या तेव्हाच्या घड्याळाप्रमाणे असतात. मी दुबईला बहिणीकडे होते आणि सवयीने 19:30 लावलं, फोन दुबईच्या वेळेवर होता, म्हणजे मेसेज भारतात रात्री 9 ला गेला. तेवढं चाललं, पण हेच लंडनला बसून केलं असतं तर भारतात मध्यरात्र झाली असती किंवा एक वाजला असता. बाहेर असाल तर आधी भारतात किती वाजलेत ते बघा आणि फरक वजा करून चाक लावा, दुबईत 19:30 च्या ऐवजी 18:00. घरून निघायच्या आधी लावलेल्या मेसेजची काळजी करू नका, ते ठरलेल्या क्षणीच जातात, फक्त यादीत तुम्हाला त्यांची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे दिसते आणि उगाच चुकल्यासारखं वाटतं.

आणि पिन. शेड्यूल केलेला मेसेज आपोआप पिन होत नाही, तो गेल्यावर हाताने करावा लागतो. पिन करताना सगळ्या सदस्यांना नोटिफिकेशन द्यायचं का असं विचारतं, ते चालू राहिलं तर ज्यांनी ग्रुप म्यूट केलाय त्यांचाही फोन वाजतो. मी एकदा मेसेज संध्याकाळी पाठवला आणि पिन करायचं रात्री 12 ला आठवलं, म्हणजे सगळी मेहनत वाया. रात्री पिन करायचंच असेल तर ती टिकमार्क काढून करा, नाहीतर सकाळपर्यंत थांबा.

तो `Send without sound` चा पर्याय राहिला. काही गोष्टी लगेच सांगाव्याच लागतात, समजा पहाटेच्या ट्रेनने सगळे निघणार आहेत आणि रात्री कळलं की प्लॅटफॉर्मवर भेटायची जागा बदलली. तेव्हा शेड्यूल करून उपयोग नाही. बाण दाबून धरा आणि हे निवडा, मेसेज तेव्हाच जातो, नोटिफिकेशनही येतं, पण आवाज येत नाही. जो जागा आहे तो बघतो, झोपलेला झोपतो, आणि सकाळी उठल्या उठल्या दिसतं.

स्लॅकवर असाल तर

स्लॅकमध्ये कॉम्प्युटरवर मेसेज लिहिल्यावर पाठवायच्या चिन्हाच्या शेजारी खाली तोंड केलेला छोटा बाण असतो, तो दाबा. उद्या सकाळी 9, सोमवारी सकाळी 9 अशा तयार वेळा येतात आणि खाली `Custom time` असतं, तिथे हवी ती तारीख-वेळ लावायची. फोनवर टेलिग्रामसारखंच, पाठवायचं चिन्ह दाबून धरायचं. इथे जास्तीत जास्त 120 दिवस पुढचं लावता येतं. लावलेले मेसेज डावीकडे `Drafts & sent` मध्ये `Scheduled` या टॅबखाली सापडतात, तिथून बदलणं, लगेच पाठवणं, रद्द करून ड्राफ्टमध्ये ठेवणं सगळं होतं.

स्लॅकमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे की प्रत्येकाला आपापल्या शांततेचे तास ठरवता येतात, आणि सहसा कंपनीने आधीच रात्री 10 ते सकाळी 8 असं लावून ठेवलेलं असतं, प्रत्येकाच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. त्या वेळात मेसेज आला तरी फोन वाजत नाही. म्हणून काही जण म्हणतात शेड्यूल कशाला करायचं, वाजणार तर नाहीच. पण सकाळी आठला नोटिफिकेशन सुरू होतात तेव्हा रात्रीची सगळी भर एकदम समोर येते आणि आपली सूचना त्यात बुडते. पुण्यातून न्यू जर्सीच्या टीमला काही सांगायचं असेल तर त्यांच्या सकाळी साडेनऊची वेळ लावा, म्हणजे आपले संध्याकाळचे 7 किंवा 8, ऋतूप्रमाणे. आणि `@channel` लिहायच्या आधी विचार करा, ते चॅनलमधल्या प्रत्येकाला जातं, `@here` फक्त तेव्हा ऑनलाइन असलेल्यांना. शेड्यूल केलेल्या सूचनेत `@here` जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्या क्षणी कोण ऑनलाइन असेल हे लिहिताना तुम्हाला माहीतच नसतं.

वेळ इथेही तुमच्या घड्याळाची धरली जाते, पण ती स्लॅकच्या सेटिंगमधली. प्रेफरन्सेसमध्ये `Language & region` इथे टाइमझोन बघा, विशेषतः ऑफिसने परदेशातून सेट करून दिलेला लॅपटॉप असेल तर.

दर सोमवारी एकच आठवण द्यायची असेल, समजा टाइमशीट भरा, तर दर आठवड्याला शेड्यूल करत बसू नका. चॅनलमध्ये हे टाइप करा:

```
/remind #team "टाइमशीट आज भरा" every Monday at 10am
```

`#team` च्या जागी तुमच्या चॅनलचं नाव. ही आठवण तुमच्या नावाने नाही, स्लॅकबॉटच्या नावाने येते. इथे "आज" चालतं, कारण दर वेळी ती सोमवारीच पडणार आहे. सुट्टीच्या सोमवारी पण पडेल, म्हणून सणाच्या आधी त्याच चॅनलमध्ये `/remind list` टाइप करून लावलेल्या आठवणी बघा, नको ती काढा, आणि सुट्टी संपल्यावर परत लावा.